फोटोदुरुस्ती, लेखांक ७ : चौकोनी टोपीची सावली

मागच्या लेखात आपण मास्क रंगवायला शिकलो. आज तोच मास्क एका अवघड जागी वापरायचा आहे. भाचीने पदवीदान समारंभाचा फोटो पाठवला. भर दुपारी, उघड्यावर काढलेला. टोपीच्या पुढच्या कडेची सावली कपाळावरून उतरून नाकाच्या मध्यावर थांबली आहे. डोळे अंधारात, गाल लखलखीत.

अशी सावली नुसती काळी नसते. तिथे ऊन पोहोचत नाही, पण निळ्या आकाशाचा उजेड पोहोचतो. म्हणून सरसकट उजळलं की कपाळ निळसर, राखाडी दिसतं. हे टाळण्यासाठी आधी मोजायचं. गालाची आणि कपाळाची तुलना नको. ती त्वचाच वेगळी. नाकावरच सावलीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आयड्रॉपर लावा. आमच्या फोटोत उन्हातले लाल, हिरवा, निळा हे आकडे २१४, १६८, १४० आले आणि सावलीतले ९६, ७७, ७२. म्हणजे लाल सव्वादोन पट वाढवायचा, निळा मात्र दुपटीहून थोडा कमी.

फोटोशॉपमध्ये `Curves`चा अ‍ॅडजस्टमेंट लेअर घ्या. `Red`मध्ये ९६चा बिंदू २१४वर न्या, `Green`मध्ये ७७चा १६८वर, `Blue`मध्ये ७२चा १४०वर. मग मास्क पूर्ण काळा करून फक्त सावलीचा भाग पांढरा रंगवा.

खरी कसोटी कडेवर लागते. आकाशात सूर्य सुमारे अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे दहा-बारा सेंटिमीटरवरून पडलेल्या सावलीची कड साधारण मिलिमीटरभरच विरते. या फोटोत चेहऱ्याच्या १८ सेंमी उंचीला ९०० पिक्सेल आहेत, म्हणजे मिलिमीटरला ५. मास्कची कडही तेवढीच मऊ ठेवायची. रेषेवर उजळ पट्टी दिसली तर मास्क उन्हात घुसलाय. काळी पट्टी उरली तर तो अलीकडेच थांबलाय. उरलेला बारीक धागा वेगळ्या रिकाम्या लेअरवर हीलिंग ब्रशने पुसावा.

नाकावर दुरुस्ती पूर्ण हवी, पण वर जाताना मऊ ब्रशने मास्क करडा करत न्या. टोपीलगत निम्म्याच्या आसपास पुरे. टोपीखाली थोडाही अंधार उरला नाही तर ती डोक्यावर बसलेली न वाटता चिकटवलेली वाटते. भुवया आणि बुबुळंही राखाडी होतात, म्हणून त्यांच्यावरचा मास्कही निम्म्याने उतरवा.

एक मर्यादा मात्र ओलांडता येत नाही. जेपीईजीत डोळ्यांभोवतीचे तिन्ही आकडे शून्याला टेकले असतील, तर तिथे वर काढायला काही उरलेलंच नसतं. उजळल्यावर ठिपके आणि चौकटी तेवढ्या वर येतात. छायाचित्रकाराकडे रॉ फाइल असेल तर तीच मागून घ्या.

पुढच्या लेखात : चष्म्याच्या काचेवरची चमक.