मिठाचा हिशेब

आपल्या शाळेच्या जिममध्ये मी गेली सहा वर्षे रोज संध्याकाळी तासभर वजने उचलतो. त्यामुळे वार्षिक तपासणीत रक्तदाब १४८/९४ निघाला तेव्हा मला यंत्रच बिघडले असेल असे वाटले. एम. आय. रूममध्ये आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पुन्हा मोजले. आकडे तसेच आले. डॉक्टरांनी टेल्मिसार्टनची गोळी सुरू केली आणि विचारले, "मीठ किती खाता?" मी म्हणालो, "बेताचेच." ते म्हणाले, "वहीत लिहा, मग बोलू."

गणित शिकवणाऱ्या माणसाला हे सोपे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. पाकिटावर बहुधा मीठ नव्हे, सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेले असते. त्याला अडीचने गुणले की मीठ मिळते: ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ.

माझ्या वहीतला एक दिवस असा होता. मेसमधले दोन पापड, सुमारे १ ग्रॅम. दोन्ही जेवणांतले लोणचे, सुमारे दीड ग्रॅम. आणि जिमनंतर अर्धा लिटर ओआरएस. त्यात सुमारे ८६० मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे २ ग्रॅमहून जास्त मीठ. बेरीज साडेचार ग्रॅम! डाळ, भाजी, कणीक यांतले मीठ अजून धरलेच नव्हते.

घरचे मीठ मोजायची युक्ती याहून सोपी आहे. पुडा फोडला की त्यावर तारीख लिहा. चार माणसांनी रोज ५ ग्रॅम खाल्ले तर एक किलोचा पुडा ५० दिवस टिकायला हवा. आमचा ३० दिवसांत संपला, म्हणजे माणशी ८ ग्रॅमच्या वर. बाहेरचे खाणे वेगळेच.

ओआरएस मी घाम भरून काढायला पीत होतो. डॉक्टरांनी समजावले की पंख्याखाली तासभर व्यायाम केल्यावर साधे पाणी आणि नेहमीचे जेवण पुरते. कॅडेट्सनी मात्र हा नियम स्वतःला लावू नये. उन्हातला लांब रूट मार्च किंवा जुलाब ही वेगळी गोष्ट आहे. तिथे वैद्यकीय अधिकारी सांगतील तेव्हा ओआरएस घ्यायलाच हवे.

पुढची चूक मी उत्साहात केली. पोटॅशियम मूत्रपिंडांना जास्तीचे सोडियम बाहेर टाकायला मदत करते आणि रक्तवाहिन्या सैल ठेवते, हे वाचून 'लो सोडियम' मीठ घेऊन आलो. सुदैवाने पुडा फोडण्याआधी डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तो बाजूला ठेवायला सांगितले. या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, आणि टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात. त्यात मूत्रपिंड कमजोर असेल तर रक्तातले पोटॅशियम इतके वाढू शकते की हृदयाचे ठोके बिघडतात. बऱ्याचदा आधी काही जाणवत नाही. स्नायूंत अशक्तपणा आला तरी जिमला जाणारा म्हणणार, काल व्यायाम जास्त झाला! म्हणून रक्त तपासूनच कळते. माझे क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासले, दोन्ही ठीक निघाले; तेव्हा 'पोटॅशियम पुड्यातून नको, ताटातून घ्या' अशी परवानगी मिळाली.

ताटात बदल फार झाले नाहीत. पापड-लोणच्याच्या जागी बिनमिठाचे दही आणि लिंबू पिळलेली काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आली. जिमनंतर पाणी आणि एक केळे. मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते. रात्री राजमा किंवा मुगाची उसळ, कधी पालक, कधी सालासकट उकडलेला बटाटा. भाजी उकडून पाणी फेकले तर बरेचसे पोटॅशियम त्यासोबत जाते, म्हणून ते पाणी डाळीत घालतो. घरच्या स्वयंपाकातले मीठ एकदम न तोडता दर आठवड्याला थोडे कमी केले. पहिले पंधरा दिवस डाळ मचूळ लागली, मग जिभेला सवय झाली. आता मेसचे लोणचे खारट लागते.

तीन महिन्यांनी रक्तदाब १३०/८२ आला. त्यात गोळीचा वाटा किती आणि मिठाचा किती, हे मला वेगळे काढता येणार नाही. म्हणून गोळी मी स्वतःहून बंद केलेली नाही. अंगदुखीसाठी मनाने वेदनाशामक गोळ्या घेणेही सोडले, कारण त्यांतल्या काही रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात.

पालकांपैकी कोणी रक्तदाबाची गोळी घेत असेल, तर स्वयंपाकघरातल्या मिठाच्या पुड्यावरचे बारीक अक्षर आज वाचा. त्यात पोटॅशियम क्लोराइड दिसले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना विचारा.