नाव कुणाचं लावायचं?

ब्रँडिंगच्या परीक्षेत ब्रँड आर्किटेक्चरवरचा प्रश्न हमखास येतो: ‘ब्रँडेड हाउस’ आणि ‘हाउस ऑफ ब्रँड्स’ यांतला फरक उदाहरणांसह सांगा. बहुतेक उत्तरांत टाटा एका रकान्यात आणि हिंदुस्तान युनिलिव्हर दुसऱ्या रकान्यात जाऊन बसतात, खाली फायदे-तोटे येतात आणि उत्तर संपतं. व्याख्येपुरतं हे ठीक आहे. पहिल्या प्रकारात एकच नाव सगळ्या मालावर असतं आणि गिऱ्हाईक त्या नावाकडे बघून खरेदी करतं. दुसऱ्यात प्रत्येक मालाचं नाव, रंग आणि जाहिरात वेगळी, मालक कंपनी मात्र वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरात. पण कंपनीने हीच रचना का निवडली, हे रकान्यांतून कळत नाही. माझ्या मते ही निवड कंपनीच्या आकारावर किंवा मालाच्या प्रकारावर ठरत नाही, गिऱ्हाइकाला दिलेल्या आश्वासनावर ठरते. दोन मालांची आश्वासनं एकाच वेळी खरी राहू शकत असतील, तर एक नाव चालतं. एक आश्वासन दुसऱ्याला खोटं पाडत असेल, तर नावं वेगळी ठेवावीच लागतात.

कपडे धुण्याच्या पावडरीत हे फार स्पष्ट दिसतं. हिंदुस्तान लिव्हरने १९५९ मध्ये सर्फ बाजारात आणली. दहा वर्षांनी अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरी पावडर बनवून सायकलवरून दारोदार विकायला सुरुवात केली. ती निरमा. तिची किंमत सर्फच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली होती आणि ऐंशीच्या दशकात तिने सर्फला मागे टाकलं. लिव्हरपुढे तीन वाटा होत्या. पहिली, सर्फचाच भाव उतरवायचा. पण मग महाग सर्फ घेणाऱ्या घरांकडून मिळणारा नफाही हातचा गेला असता. दुसरी, ‘स्वस्त सर्फ’ काढायची. ही वाट मोहाची, कारण नाव घरोघरी पोचलेलं होतं. पण त्याच सुमारास जाहिरातीतल्या ललिताजी लोकांना पटवून देत होत्या, की स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांत फरक असतो आणि सर्फ निम्मीच लागते म्हणून ती परवडते. त्याच नावाची स्वस्त पावडर शेजारी मांडली असती, तर ललिताजींचा युक्तिवाद कंपनीनेच खोडून काढला असता. म्हणून तिसरी वाट धरली गेली: ‘व्हील’ हे वेगळं नाव. नुसतं नाव नव्हे, तर मिश्रण, उत्पादनखर्च आणि खेड्यांपर्यंतची विक्रीव्यवस्था, सगळं नव्याने बसवलं गेलं. व्हीलचं आश्वासन होतं स्वस्ताईचं आणि हाताला कमी त्रास देण्याचं. निरमाच्या गिऱ्हाइकाला ते कळत होतं आणि सर्फच्या गिऱ्हाइकाला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. दोघी एकाच कंपनीच्या असूनही एकमेकींना खोटं पाडत नव्हत्या.

आता टाटांकडे बघा, आणि त्यासाठी २००८ हे एकच वर्ष पुरे. जानेवारीत दिल्लीच्या वाहनमेळ्यात एक लाखाच्या नॅनोवरचा पडदा उघडला. जूनपर्यंत फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरना घेण्याचा व्यवहार पूर्ण झाला. नॅनोवर टाटांचं नाव ठळकपणे लागलं, जग्वारवर ते आजही नाही. टाटांना जग्वारची लाज वाटत होती असं थोडंच आहे! जग्वार घेणारा माणूस ब्रिटिश परंपरा आणि प्रतिष्ठा विकत घेतो. जगातली सर्वांत स्वस्त गाडी बनवणाऱ्याचं नाव त्या बॉनेटवर आलं असतं तर ते आश्वासन तिथेच पातळ झालं असतं. उलट दिशेचा प्रश्न मात्र विद्यार्थी विसरतात. नॅनोवर नाव लावून टाटा मोटर्सला काय मिळालं? वर्षाला अडीच लाख गाड्यांची तयारी होती, विक्री कुठल्याच वर्षी एक लाखापर्यंतही गेली नाही आणि २०१८ मध्ये उत्पादन थांबलं. ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का गाडीला भोवला, हे रतन टाटांनी नंतर जाहीरपणे मान्य केलं. गाडीने आग पकडल्याच्या बातम्यांत कंपनीचं नाव प्रत्येक वेळी आलं. एका नावाचा हा खर्च जाहिरातीच्या हिशेबात दिसत नाही. पण त्याच नावाने वसुलीही झाली: डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत नेक्सॉनला पाच तारे मिळाले आणि सुरक्षिततेची ती कीर्ती टाटांच्या पुढच्या गाड्यांनाही उपयोगी पडली.

यावर आक्षेप येतो, की मग मीठ आणि पोलाद एकाच नावाखाली कसं चालतं? या दोन मालांची आश्वासनं तर मुळीच सारखी नाहीत. सारखी नाहीत हे खरं, पण ती एकमेकांच्या आड येत नाहीत. मिठात भेसळ नाही, पोलादात खोट नाही, विम्याचा दावा बुडणार नाही: या सगळ्यांत गिऱ्हाईक एकच गोष्ट मागतं, भरवसा. ‘टाटा’ हे नाव नेमकी तेवढीच हमी देतं. भरवशापलीकडे काही विकायचं असेल, म्हणजे तरुणांची फॅशन किंवा चैन, तिथे टाटा आपण होऊन मागे सरकतात. वेस्टसाइड आणि झुडिओच्या पाटीवर टाटांचं नाव नाही. ‘टाटा म्हणजे ब्रँडेड हाउस’ हे वाक्य म्हणूनच अर्धंच खरं आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. वेगळी नावं महागात पडतात. प्रत्येकाला स्वतंत्र जाहिरात आणि दुकानात स्वतंत्र फळी लागते. युनिलिव्हरलाच हे जड झालं आणि २००० च्या सुमारास तिने सोळाशेच्या आसपास असलेले ब्रँड चारशेवर आणायचं ठरवलं. शिवाय वेगळं नाव म्हणजे अभेद्य भिंत नव्हे. डव्ह स्त्रियांना आहे तशा सुंदर म्हणत असताना त्याच कंपनीच्या अ‍ॅक्सच्या जाहिराती आणि फेअर अँड लव्हलीची क्रीम काय सांगतात, हे टीकाकारांनी बरोबर हेरलं. २०२० मध्ये ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आलं. हे दोन्ही मुद्दे मला मान्य आहेत. पण त्यांतून एवढंच निघतं, की आश्वासन खरोखर वेगळं नसेल तर वेगळं नाव पोसू नये, आणि मालकाचं नाव वेष्टनावर जितकं ठळक होईल तितकी भिंत पातळ होते. युनिलिव्हरने २००४ नंतर आपलं ‘यू’ चिन्ह वेष्टनांवर आणलं, तेव्हा तिने हा धोका थोडाफार पत्करलाच. डव्ह आणि अ‍ॅक्स एकाच नावाने विकले असते तर काय झालं असतं, याची कल्पना करून पाहा.

परीक्षेत उदाहरण देताना म्हणून कंपनीचं नाव लिहू नये, जोडी लिहावी: सर्फ आणि व्हील, नॅनो आणि जग्वार. जोडीतल्या दोघांचं आश्वासन एकेका ओळीत मांडलं, की रचना का निवडली हे आपोआप दिसतं. आकर आणि योआखिमस्थालर यांनी २००० मध्ये मांडलेला पट्टाही इथे कामाला येतो. त्यांनी दोन टोकांच्या मध्ये उपब्रँड आणि पाठिंब्याचे ब्रँड ठेवले आहेत. तनिष्क त्यांपैकी दुसऱ्या घरात बसतं: दागिन्याची निवड तनिष्कच्या नावावर होते, सोन्याच्या शुद्धतेबद्दल मनात शंका आली तर मागे टाटा उभे असतात. या पट्ट्यावर एखादा ब्रँड कायमचा एका जागी राहतो असंही नाही. फास्टट्रॅक १९९८ मध्ये टायटनचा उपब्रँड म्हणून आला आणि २००५ मध्ये स्वतंत्र झाला. त्याने टायटनचं बोट का सोडलं, हे पुढच्या आठवड्यात पाहू.