पाचव्या खणातली रांग

वहीच्या पानावर डाव्या कडेला एकाखाली एक १६ चौकोन काढा आणि त्यांना ० ते १५ असे क्रमांक द्या. हे झाले रिकामे हॅश टेबल. चौकोनांना प्रोग्रामर ‘बकेट’ म्हणतात, आपण त्यांना खण म्हणू. जावा भाषेतल्या `HashMap` या तयार रचनेची सुरुवात अशाच १६ खणांनी होते.

यात वाचनालयाच्या सभासदांच्या नोंदी ठेवायच्या आहेत. नियम एकच: सभासद क्रमांकाला १६ने भागायचे आणि जी बाकी उरेल त्या खणात नोंद ठेवायची. क्रमांक ५ची बाकी ५, म्हणून तो पाचव्या खणात. आता २१ आला. त्याचीही बाकी ५. मग ३७ आणि ५३, त्यांचीही तीच. एकाच खणावर असे अनेकांनी येणे म्हणजे टक्कर, म्हणजेच ‘कोलिजन’. खण थोडे आणि संभाव्य क्रमांक अगणित असल्यामुळे टक्कर कधीतरी होणारच. ती चूक नव्हे, तिची सोय आधीच केलेली असते.

सोय अशी: खणात नोंद थेट न ठेवता पहिल्या नोंदीकडे जाणारा बाण ठेवायचा. प्रत्येक नोंदीची एक चौकट, म्हणजे नोड, आणि प्रत्येक नोडमध्ये पुढच्या नोडचा पत्ता. पाचव्या खणासमोर ५ → २१ → ३७ → ५३ अशी साखळी तयार होते. सभासद ५३ शोधताना बाकी काढून थेट पाचव्या खणाशी जायचे आणि साखळीतला एकेक क्रमांक ताडून पाहायचा. चौथ्या तपासणीत तो सापडतो. बाकीचे १५ खण उघडावेही लागत नाहीत.

पानावर आता २, ५०, ८, २४, ११, ३०, ४४ आणि १५ हेही बसवा. एकूण १२ नोंदी झाल्या, तरी नऊ खण रिकामेच आहेत आणि पाचव्यापुढे मात्र चौघांची रांग आहे. नोंदी वाढत गेल्या आणि खण तेवढेच राहिले, तर सगळ्याच रांगा लांबतील आणि शोध रेंगाळेल. म्हणून `HashMap` खणांच्या पाऊणपट नोंदींची मर्यादा पाळतो. १६चे तीन चतुर्थांश १२. तेरावी नोंद आली की खण दुप्पट होतात.

तेरावा सभासद ६९ आहे असे धरू. त्याचीही बाकी ५. तो साखळीच्या शेवटी जोडला जातो आणि लगेच ३२ खणांचे नवे टेबल उभे राहते. आता भागायचे ३२ने. ५, ३७ आणि ६९ यांची बाकी ५च राहते, पण २१ आणि ५३ यांची २१ होते. पाच जणांची रांग तीन आणि दोन अशी दुभंगली. तसेच २ जागीच राहिला आणि ५० अठराव्या खणात गेला. ८ जागीच राहिला, २४ चोविसाव्यात गेला. खण दुप्पट झाल्यामुळे प्रत्येक नोडला दोनच पर्याय असतात: आहे तिथेच राहणे किंवा बरोबर १६ खण पुढे सरकणे.

या वाटपासाठी सगळ्या नोंदी हलवून पाहाव्या लागतात. म्हणून बारा नोंदी झटपट झाल्या, तरी तेराव्या नोंदीला जास्त वेळ लागतो. पुढचा असा थांबा पंचविसाव्या नोंदीला, त्यानंतरचा एकोणपन्नासाव्या. थांब्यांमधले अंतर वाढत जाते, त्यामुळे सरासरीने दर नोंदीमागचा खर्च थोडाच राहतो. किती नोंदी येणार हे आधी ठाऊक असेल, तर सुरुवातीलाच मोठे टेबल मागून हे थांबे टाळता येतात.

मात्र खण वाढवून सुटत नाही अशीही एक टक्कर असते. नोंद नावाने ठेवायची असेल, तर आधी त्या अक्षरांचा एक आकडा बनवला जातो. त्यालाच हॅश म्हणतात. जावात `"Aa"` आणि `"BB"` या दोन्हींचा हॅश २११२ येतो. आकडाच एक असल्यावर खण ३२ करा की ३२ हजार, दोघे एकाच रांगेत उभे राहणार. या जोड्या एकमेकींना जोडून एकच हॅश असलेली हवी तितकी नावे बनवता येतात. अशी हजार नावे भरताना प्रत्येक नवे नाव आधीच्या सगळ्यांशी ताडावे लागले, तर सुमारे पाच लाख तुलना होतात. डिसेंबर २०११मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान वेल्डे यांनी दाखवून दिले, की वेबसाइटच्या फॉर्ममध्ये अशी नावे घालून पाठवली, तर सर्व्हर त्या तुलनांतच अडकून पडतो.

२०१४च्या जावा ८मध्ये यावर उपाय आला. टेबलात किमान ६४ खण असतील आणि एखादी साखळी आठ नोडांच्या पुढे जाऊ लागली, तर त्या खणातली साखळी मोडून क्रमवार फांद्यांचे झाड केले जाते. हजार नावांतून एक शोधायला मग दहा-वीस तुलना पुरतात. टेबल लहान असेल तर झाड न करता आधी खणच वाढवले जातात. कारण आपल्या पाचव्या खणासारखी रांग बहुतेक वेळा तेवढ्यानेच दुभंगते.