दस्तलेखनातील आर्ष शब्दप्रयोग

इंग्रजी खरेदीखते, भाडेपट्टे, गहाणखते व करारनामे यांत ‘विटनेसेथ’, ‘हिअरिनाफ्टर’, ‘अफोरसेड’ असे काही शब्द आढळतात. बोलण्यातून व सामान्य लेखनातून ते केव्हाच लुप्त झाले. दस्तांत मात्र टिकून राहिले. इंग्लंडमध्ये १८८१ च्या सॉलिसिटर्स रेम्युनरेशन ॲक्टनंतर पद्धत पालटेपर्यंत दस्तलेखकाचा मोबदला दस्ताच्या लांबीवर ठरत असे, हे त्यांच्या दीर्घायुष्याचे एक कारण होय. ब्रिटिश अमदानीत इंग्रजी नमुने भारतात आले व मुंबईतील इंग्रजी दस्तांतून हे शब्द येथेही रूढ झाले. त्यांच्या जागी सुबोध शब्द घालणे वरकरणी सोपे दिसते. परंतु शब्दाचा अर्थ कोशात पाहून काम भागत नाही. तो शब्द त्या विशिष्ट दस्तात कोणते कार्य करतो हे प्रथम ठरवावे लागते, आणि ते कार्य दुसऱ्या साधनाने पार पडले, तरच दस्ताचा विधिपरिणाम अबाधित राहतो.

‘विटनेसेथ’ हे ‘साक्ष देणे’ या क्रियापदाचे जुने तृतीयपुरुषी एकवचनी वर्तमानकाळी रूप असून त्याचा कर्ता दस्त हाच असतो : ‘हा दस्त साक्ष देतो की...’. अमेरिकी करारनाम्यांत पुष्कळदा हा शब्द कर्त्यापासून तुटून मोठ्या अक्षरांत एकटाच छापलेला दिसतो, जणू काही ती एखादी आज्ञाच आहे. तेथे तो व्याकरणदृष्ट्या निरर्थक होय. तथापि त्याची जागा निरर्थक नसते. दस्ताच्या आरंभी मालकी कशी आली, व्यवहार का ठरला इ. पूर्वकथन असते, त्यानंतर प्रत्यक्ष देणेघेणे करणारा प्रवर्ती भाग येतो. या दोहोंच्या सांध्यावर हा शब्द उभा असतो. जुन्या मराठी खरेदीखतांतील ‘कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसाजे’ या शब्दावलीतही असाच सांधा दिसतो.

हा सांधा महत्त्वाचा ठरतो, कारण दोन्ही भागांना न्यायालये सारखे वजन देत नाहीत. इंग्लंडच्या अपील न्यायालयात एक्स पार्टे डॉज (१८८६) या प्रकरणात लॉर्ड ईशर यांनी सांगितलेला नियम असा : पूर्वकथन स्पष्ट व प्रवर्ती भाग संदिग्ध असेल, तर पूर्वकथनावरून अर्थ लावावा, पूर्वकथन संदिग्ध व प्रवर्ती भाग स्पष्ट असेल, तर प्रवर्ती भाग मानावा, दोन्ही स्पष्ट पण विसंगत असतील, तरीही प्रवर्ती भागच श्रेष्ठ. म्हणून ‘विटनेसेथ’ काढताना वरच्या भागास ‘पूर्वपीठिका’ असे शीर्षक द्यावे आणि खाली ‘पक्षकार पुढीलप्रमाणे करार करीत आहेत’ असे एक वाक्य घालावे. शब्द गाळून सर्व परिच्छेदांना सलग क्रमांक दिल्यास धोका उद्भवतो. ‘विक्रेता पावसाळ्यापूर्वी विहीर बांधून घेणार आहे’ हे पूर्वकथनातील निवेदन मग कलम ३ बनते आणि ते विक्रेत्याचे वचन होते, असा दावा खरेदीदाराला करता येतो.

‘हिअरिनाफ्टर’ म्हणजे ‘यात यापुढे’. पक्षकाराला नाव देण्यासाठी तो येतो, तेव्हा (‘यात यापुढे ज्यास विक्रेता म्हटले आहे’) त्याला सहज रजा देता येते. नावानंतर कंसात ‘विक्रेता’ एवढेच लिहिले की पुरे. मात्र भारतीय दस्तांत या शब्दांना जोडूनच त्या संज्ञेत वारस व अभिहस्तांकिती यांचा समावेश होतो, असे एक वाक्य असते. ते नुसते शेपूट समजून छाटू नये. भारतीय संविदा अधिनियमाच्या कलम ३७ नुसार वचन देणाऱ्याच्या मृत्यूनंतर, विरुद्ध उद्देश दिसत नसल्यास, त्याचे प्रतिनिधी बांधले जातात. पण ज्याच्या नावे हक्क पुढे करून दिला जातो त्या अभिहस्तांकितीची सोय या कलमाने होत नाही.

याच शब्दाचे दुसरे कार्य व्याप्ती ठरविण्याचे असते, आणि तेथे तो खरोखर कसोटी पाहतो. डो विरुद्ध गॉडविन (१८१५) या इंग्लिश खटल्यातील भाडेपट्ट्यात ‘यात यापुढे अंतर्भूत’ असलेल्या शर्तींचा भाडेकरूने भंग केल्यास मालकाला जागेचा ताबा परत घेण्याचा अधिकार होता. भाडेकरूच्या सर्व शर्ती या कलमाच्या अगोदर येऊन गेल्या होत्या. नंतर होती ती केवळ मालकाची एक शर्त. अगोदरच्या शर्तींच्या भंगाबद्दल मालकाला ताबा घेता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. अशा पट्ट्याच्या नमुन्यात ‘यापुढे अंतर्भूत’ ऐवजी ‘या दस्तातील’ हे शब्द घातले, तर वाक्य सुबोध होते खरे, पण मालकाचा अधिकार अगोदरच्या शर्तींपर्यंत विस्तारतो. ते भाषांतर नव्हे, नवा सौदा होय. अभिप्रेत शर्तींचे क्रमांकच लिहावे (उदा., ‘कलम ७ ते १२’) आणि कलमांचा क्रम बदलल्यास हे आकडे पुन्हा ताडून पाहावे.

‘अफोरसेड’ म्हणजे पूर्वोक्त. मराठी दस्तांतील ‘सदरहू’ व ‘मजकूर’ हे त्याचे सगोत्र. हा शब्द अचूकपणाचा आभास निर्माण करतो, परंतु मागे एकाहून अधिक वस्तूंचा निर्देश असेल, तर कोणती ते तो सांगत नाही. समजा, एका खरेदीखतात विक्रेत्याची दोन हेक्टर जमीन वर्णिलेली आहे. तिच्यापैकी पूर्वेकडील ८० आर तो विकतो व उरलेल्या १२० आरमधून खरेदीदाराला वाट देतो. पुढे ‘पूर्वोक्त जमिनीवर कोणतेही बांधकाम करता येणार नाही’ अशी शर्त येते. ती विकलेल्या तुकड्यास, राखलेल्या तुकड्यास की दोहोंस लागू आहे? ‘पूर्वोक्त’ गाळल्याने संदिग्धता तशीच राहते. ‘विकलेली जमीन’ असे लिहिल्यास ती नाहीशी होते, पण कदाचित चुकीच्या दिशेने, कारण वाट मोकळी राहावी एवढाच मूळ हेतू असू शकेल.

अशा वेळी ‘पूर्वोक्त’ हा शब्द जेथे जेथे आला असेल, तेथे तेथे त्याचा संपूर्ण पूर्वनिर्देश घालून वाक्य वाचून पाहावे. एकच निर्देश बसत असेल, तर ‘विकलेली जमीन’ व ‘राखलेली जमीन’ अशा व्याख्या परिशिष्टातील चतुःसीमांसह करून तेच शब्द सर्वत्र एकसारखे वापरावे. दोन निर्देश बसत असतील, तर लेखकाने स्वतः निवड न करता पक्षकारांना विचारावे. ही बहुधा सर्वांत गैरसोयीची, पण टाळता न येणारी पायरी असते.

काही जुनी शब्दावली मात्र विधीनेच परिणामकारक ठरविलेली असते. इंग्लंडमध्ये विक्रेता ‘बेनिफिशियल ओनर’ या नात्याने हस्तांतरण करतो, असे लिहिले की १८८१ च्या कन्व्हेयन्सिंग ॲक्टनुसार मालकीविषयीच्या काही हमी आपोआप दस्तात अंतर्भूत होत. तेथे साधा ‘मालक’ हा शब्द घातला असता, तर त्या हमी मिळाल्या नसत्या. १९९५ मध्ये अंमलात आलेल्या १९९४ च्या अधिनियमाने त्या जागी ‘फुल टायटल गॅरंटी’ ही शब्दावली आणली, म्हणजे हा बदल विधिमंडळाला करावा लागला. भारतात संपत्ती हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ खाली, विरुद्ध करार नसेल तर, विक्रेत्याने मालकीची हमी दिली असे मानले जाते. तेव्हा तो इंग्रजी शब्दप्रयोग येथील नमुन्यांत केवळ अनुकरणाने येतो.

वरील सर्व विवेचन नव्या मसुद्यांना लागू पडते. सह्या झालेल्या दस्तातील शब्द एका पक्षाला परस्पर बदलता येत नाहीत. उभयपक्षी संमती असल्यास चूकदुरुस्तीचा लेख करतात. संमती नसल्यास कपटामुळे किंवा परस्पर चुकीमुळे दस्तात खरा उद्देश उतरला नाही, हे विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ खाली न्यायालयात सिद्ध करावे लागते. शब्द केवळ जुनाट आहे, हे त्यासाठी कारण होत नाही.