लाभांशाच्या आदल्या दिवशी

अमेरिकेत शेअरवरचा कॉल ऑप्शन मुदतीपूर्वी कधीही वापरता येतो. भारतात फक्त मुदतीच्या दिवशी. म्हणून ही जोखीम तिकडची.

समजा, शेअर ५० डॉलरला आहे. ४५ डॉलरचा कॉल तुम्ही विकलाय, त्याचा भाव ५.२० डॉलर. म्हणजे उरलेल्या मुदतीची किंमत फक्त २० सेंट. उद्या एक्स-डिव्हिडंड तारीख, लाभांश १ डॉलर. उद्या शेअर साधारण तेवढाच उतरेल आणि कॉलधारकाला लाभांश मिळणार नाही. मग तो २० सेंट सोडून आजच ऑप्शन वापरतो. तुम्हाला कळतं दुसऱ्या सकाळी. शेअर जवळ असले तर लाभांशासकट जातात. नसले तर लाभांश खिशातून भरावा लागतो. त्याच ४५ च्या पुटचा भाव लाभांशाहून कमी दिसला, तर आदल्या दिवशी बाजार बंद होण्याआधीच कॉल परत विकत घ्यावा.