भरली वांगी एकच, नावं तीन

एखाद्या मराठमोळ्या थाळीच्या हॉटेलचं मेनूकार्ड छापायला निघालं आहे असं समजा. भाज्यांच्या पानावर ‘भरली वांगी’ आहे, थाळीच्या पानावर ‘भरलं वांगं’ आणि बिलाच्या मशीनमध्ये ‘वांगी मसाला’. नेहमीच्या गिऱ्हाइकाचं यात काही अडत नाही. पण ‘शेंगदाणे आहेत’ ही सूचना फक्त पहिल्या नावाखाली असेल, तर थाळी मागवणाऱ्याच्या नजरेला ती पडतच नाही. म्हणून मुद्रितशोधन सुरू करायचं ते नावांपासून. सगळ्या पदार्थांची एक यादी करायची, प्रत्येकाचं एकच नाव ठरवायचं आणि कार्ड, बिल, स्वयंपाकघरात जाणारी चिठ्ठी या तिन्हींत तेच चालवायचं.

दरांचं काम त्यामानाने सोपं. ‘₹२४०’, ‘रु. २४०/-’ आणि ‘२४०.००’ यांतली एक पद्धत निवडली की ती शेवटच्या पानापर्यंत पाळायची. ‘हाफ’ आणि ‘फुल’ हे शब्द प्रत्येक पानावर रकान्याच्या डोक्यावर हवेत. मग एकाने बिलाच्या यादीतून दर मोठ्याने वाचावेत आणि दुसऱ्याने कार्डावर बोट ठेवून जुळवावेत. एकट्याने वाचताना डोळा अपेक्षित आकडाच पाहतो.

ॲलर्जीची सूचना मात्र टेबलाशी बसून तपासता येत नाही. त्यासाठी स्वयंपाकघरात जावंच लागतं. भरल्या वांग्यांच्या मसाल्यात शेंगदाण्याचं कूट असतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फोडणीतल्या हिंगाकडे कुणाचं लक्ष जात नाही. डबीत मिळणाऱ्या बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन आलं. डबीवरचे घटक वाचल्याशिवाय हे कळायचं नाही. सुरमई फ्रायला लावलेल्या रव्याचंही तेच.

दहा किंवा अधिक शाखा असलेल्या हॉटेलांना जुलै २०२२पासून ही माहिती देणं बंधनकारक आहे. नियमातल्या यादीत ग्लुटेनची धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखा सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट येतात. तीळ त्यात नाहीत. तरी वांग्यांच्या मसाल्यात आणि गोड्या मसाल्यात ते असतात आणि काहींना बाधतात, तेव्हा लिहावेत असं माझं स्पष्ट मत आहे. छोट्या हॉटेलांनीही.

‘ग्लुटेनमुक्त’ हा शब्द सर्वांत जपून वापरायचा. बेसनाची भजी आणि मैद्याचे समोसे एकाच कढईत तळले जात असतील, तर भज्यांपुढे तो लिहिता येत नाही. तिथे ‘गव्हाचे पदार्थ याच तेलात तळले जातात’ असं सरळ छापावं. आणि हिंगाचा ब्रँड बदलला, तर खरेदी पाहणाऱ्याने नव्या डबीचा फोटो त्याच दिवशी कार्ड सांभाळणाऱ्याकडे पाठवावा.