एफडी की आरडी? सव्वाचार हजारांच्या आतली गोष्ट

बँकेच्या काउंटरवर दरांचा तक्ता लावलेला असतो. एक वर्षाची मुदत ठेव 7 टक्के, एक वर्षाची आवर्ती ठेव, म्हणजे आपली आरडी, तीही 7 टक्के. मग वर्षअखेर आरडीचं पासबुक उघडून बघणारा माणूस चक्रावतो. दर महिन्याला 10 हजार भरले, एकूण 1 लाख 20 हजार झाले, आणि व्याज मिळालं जेमतेम 4,621 रुपये. भरलेल्या रकमेवर हे चार टक्केही होत नाहीत. शेजाऱ्याने तेवढेच 1 लाख 20 हजार पहिल्या दिवशी एफडीत टाकले, त्याच्या हातात 8,623 रुपये व्याज पडलं. दर तोच, रक्कम तीच, मग बँकेनं आपल्याला फसवलं का?

नाही. एफडीतला प्रत्येक रुपया पूर्ण 12 महिने राबला. आरडीचा पहिला हप्ता 12 महिने राबला, दुसरा 11, तिसरा 10, आणि शेवटचा हप्ता अवघा एक महिना. 12 पासून 1 पर्यंतचे आकडे मिळवले की 78 होतात. त्याला 12 हप्त्यांनी भागलं की उत्तर येतं साडेसहा महिने. म्हणजे आरडीतला रुपया सरासरी साडेसहा महिनेच कामावर होता. 1 लाख 20 हजारांवर 7 टक्क्यांनी साडेसहा महिन्यांचं सरळ व्याज 4,550 रुपये येतं. वरचे 71 रुपये दर तिमाहीला व्याजावर व्याज धरल्यामुळे आले. हिशोब चोख आहे. प्रत्येक हप्त्याला त्याच्या मुदतीपुरते 7 टक्के मिळाले आहेत. व्याजाला एकूण भरलेल्या रकमेनं भागायची आपली सवय तेवढी चुकीची, कारण ती सगळे पैसे पहिल्या दिवसापासून आत होते असं गृहीत धरते.

दर स्थिर असेल तर एकरकमी गुंतवणूक नेहमीच पुढे राहणार, ती दर 7 चा असो की 12 चा. इंटरनेटवरच्या गणकयंत्रांत 12 टक्के घालून एसआयपी आणि एकरकमीची तुलना करणारे अनेकजण मोठा शोध लागल्यासारखा हा निकाल सांगत फिरतात. पण तो निकाल सूत्रातच बसवलेला आहे, त्यात शोध कसला?

खरा प्रश्न वेगळाच आहे: हप्ते भरेपर्यंत उरलेले पैसे कुठे होते? पगारातून दरमहा 10 हजार वाचवणाऱ्याकडे पहिल्या दिवशी 1 लाख 20 हजार नव्हतेच. त्याच्यासाठी एफडी हा पर्यायच नाही, त्यामुळे त्याचं काही बुडालेलंही नाही. आरडी त्याच्यासाठी योग्यच.

पण समजा, बोनस किंवा पिकाचे पैसे एकदम हातात आले आणि ‘शिस्त लागावी’ म्हणून कुणी ते आरडीत थोडे थोडे भरायचं ठरवलं. पहिला हप्ता गेल्यावर बचत खात्यात 1 लाख 10 हजार राहतात, पुढच्या महिन्यात 1 लाख, असं करत करत शेवटी शून्य. या पडून राहिलेल्या पैशावर बचत खात्याचे समजा अडीच टक्के धरले, तर वर्षभरात साधारण 1,375 रुपये मिळतात. आरडीचे 4,621 धरून एकूण झाले जवळपास 6,000. एफडीच्या 8,623 पुढे तूट राहिली सव्वीसशेच्या आसपास. उरलेल्या पैशालाही 7 टक्के मिळाले असते, तर फरक जवळपास पुसला गेला असता. म्हणजे तोटा हप्त्यांनी होत नाही, हप्त्यांची वाट बघत कमी व्याजात बसलेल्या पैशानं होतो.

तुलना करताना आणखी एक गोष्ट बघावी: दोन्हीची अखेर एकाच तारखेला धरली आहे ना? नाहीतर वाढीव महिन्याचं व्याज एका बाजूला पडतं आणि आकडे भलतंच सांगतात.

शेअर बाजाराच्या फंडाला मात्र हा हिशोब चिकटवू नये. तिथे भाव खाली गेला तर नंतरच्या हप्त्यांना युनिट स्वस्तात मिळतात, आणि हप्त्याहप्त्यानं गेलेला माणूस पुढेही राहू शकतो. तिथे विभागून टाकण्याचा फायदा हा वाईट वेळी सगळी रक्कम अडकण्यापासून बचावाचा आहे, आणि त्या बचावाची किंमत चढत्या बाजारात मोजावी लागते. एफडी-आरडीत भाव पडतच नाही, त्यामुळे बचाव कशापासून करायचा हाच प्रश्न.

तेव्हा पैसे एकरकमी हातात आहेत, दर ठरलेला आहे आणि वर्षभर ते लागणार नाहीत, तर सरळ एफडी करा. महिन्याचा पगार हीच कमाई असेल तर आरडी करा, आणि व्याज कमी दिसलं म्हणून बँकेत भांडायला जाऊ नका.